दुपारची रांग आणि शेजारचा गाळा

*नाशिकच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमचं मिसळ-थाळीचं छोटं हॉटेल आहे. मी गल्ल्यावर बसतो, पत्नी मसाले आणि भटारखाना बघते. ३२ खुर्च्या आहेत, महिन्याचा गल्ला ५ लाख २० हजारांच्या आसपास जातो. वहीत लाखभर सुटताना दिसतात, हातात मात्र सत्तर हजारांवर काही राहत नाही. दुपारी दाराशी रांग लागते. शेजारचा गाळा ३० हजार भाड्याने मिळतोय, त्यात २० खुर्च्या बसतील. मेहुणे म्हणतात, धंदा वाढला की नफा आपोआप वाढतो. जवळच्या एका कारखान्याने रोज २५ डबे मागितले होते, पण पोचवायला माणूस नाही म्हणून मी नाही म्हटलं. महिन्याला एक लाख खरोखर हातात यावेत एवढीच इच्छा आहे. गाळा घेऊ का?*
*– एक वाचक, नाशिक*

नमस्कार.

तुम्ही वहीच्या पानांचे फोटो जोडलेत हे फार बरं केलंत. त्यामुळे अंदाजपंचे बोलावं लागणार नाही. गाळ्याकडे जाण्याआधी वहीतले लाख आणि हातातले सत्तर हजार यांच्यामधला खड्डा बुजवू, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहात. हॉटेलासाठी तिथे उलाढालीवर ५ टक्के कर आहे आणि तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तुमच्या खिशातूनच जातो. महिन्याला हे २६,००० झाले. भरणा तिमाहीने होतो म्हणून वहीत रोज दिसत नाही आणि तीन महिन्यांनी एकदम ७८,००० निघून जातात. दुसरी गोष्ट दिवाळीच्या बोनसची. कामगारांचा एक महिन्याचा पगार, म्हणजे ९०,००० तुम्ही वर्षातून एकदा देता. तो बारा महिन्यांत वाटला तर दरमहा ७,५०० होतो. वहीतल्या १,०३,५०० मधून हे दोन आकडे वजा केले की बरोबर ७०,००० उरतात. पैसे कुठे गळत नाहीयेत, वही अर्धवट आहे एवढंच.

आता खर्चाचे दोन ढीग करू. पहिल्या ढिगात प्रत्येक ताटाबरोबर वाढणारा खर्च येतो. तुमच्या ८० रुपयांच्या मिसळीत मटकी, कट, फरसाण, दोन पाव, कांदा-लिंबू आणि मागितला की फुकट मिळणारा जादा रस्सा धरून २८ रुपयांचा माल जातो. गॅस ३ रुपये, कर ४ रुपये. एकूण ३५, म्हणजे मिसळीमागे ४५ रुपये शिल्लक. १४० रुपयांच्या थाळीत माल ६२, गॅस ६, कर ७, एकूण ७५, शिल्लक ६५. वीस रुपयांच्या चहा-ताकामागे दहा उरतात. (गॅस खरं तर पूर्णपणे ताटाबरोबर वाढत नाही, शेगडी पेटलेली असते ती असतेच. पण तुमची १९ किलोची बारा सिलिंडर ताटांवर वाटून काढलेला आकडा या कामाला पुरेसा आहे.)

रोज १०० मिसळी, ७० थाळ्या आणि ११० चहा-ताक यांचा गल्ला २०,००० होतो. त्यातून ४,५०० अधिक ४,५५० अधिक १,१०० असे १०,१५० उरतात. उरलंसुरलं आणि सांडलेलं यांचे दीडशे वजा करू म्हणजे १०,०००. थोडक्यात, गल्ल्यातल्या प्रत्येक रुपयामागे पन्नास पैसे दुसऱ्या ढिगासाठी मिळतात. सव्वीस दिवसांचे २,६०,०००.

दुसरा ढीग म्हणजे हॉटेलात एकही माणूस जेवला नाही तरी द्यावा लागणारा खर्च. भाडं ४५,०००, आचाऱ्यापासून पोळ्यावाल्या मावशींपर्यंत पगार ९०,०००, कामगारांचं जेवण १२,०००, वीज-पाणी १४,०००, कर्जाचा हप्ता १८,०००, बोनस, हिशेबनीस आणि दुरुस्ती मिळून ११,०००. बेरीज १,९०,०००.

या ढिगात एक आकडा तुम्ही घातलेलाच नाही, तो तुमचा आणि वहिनींचा. पहाटेपासून तुम्ही दोघं राबता. उद्या गल्ल्यावर आणि मसाल्याला माणसं ठेवायची म्हटलं तर तुमच्या भागातल्या दराने ३५,००० तरी लागतील. तो खर्च धरला की दुसरा ढीग २,२५,००० होतो आणि सत्तर हजारांतला खरा नफा ३५,०००च ठरतो. उरलेली तुमची मजुरी आहे. घरी दोन्ही एकाच खिशात येतात हे मान्य, पण निर्णय घेताना वेगळे धरावे लागतात. नाहीतर माणूस स्वतःची मजुरी नव्या गाळ्याच्या भाड्यात घालून बसतो आणि त्याला ते कळतही नाही.

आता किती गल्ला झाला की खर्च भागतो ते पाहू. दुसरा ढीग भागिले रुपयामागची शिल्लक: २,२५,००० ÷ ०.५० = ४,५०,०००. तुमचा गल्ला ५,२०,०००. म्हणजे ७०,००० रुपयांचा गल्ला घसरला तरी तुम्ही मजुरीसकट तरून जाता, त्याखाली गेलात की स्वतःच्या मजुरीला कात्री लागते. या ७०,०००ला मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणतात, टक्क्यांत साडेतेरा. मला हा आकडा दिवसांत मांडलेला जास्त आवडतो. रोजच्या वीस हजारांनी ४,५०,००० भरायला साडेबावीस दिवस लागतात. तुमच्या सव्वीस दिवसांपैकी नफ्याचे दिवस साडेतीन. मजुरी न धरता हिशेब केला तर तेच सात दिवस दिसतात, आणि मेहुण्यांना बहुधा तेच दिसत असावेत.

आता लाखाकडे येऊ. पद्धत तीच आहे, फक्त दुसऱ्या ढिगात हवी असलेली रक्कम मिळवायची. मजुरीसकट लाख हातात हवे आहेत, म्हणून (१,९०,००० + १,००,०००) ÷ ०.५० = ५,८०,०००. आहे त्या जागेत महिन्याला ६०,०००चा, दिवसाला साधारण २,३०० रुपयांचा गल्ला वाढला की तुमचा लाख पुरा होतो.

गाळा घेतला तर काय होतं? भाडं ३०,०००, एक वाढपी १३,०००, एक मदतनीस १२,०००, वीज ५,०००, टेबल-खुर्च्या आणि पंख्यांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता १०,०००. दुसरा ढीग ७०,०००नी वाढला. इथे बरेच जण तेच सूत्र वापरून मोकळे होतात: ३,६०,००० ÷ ०.५० = ७,२०,०००. पण हा आकडाही तुम्हाला फसवेल, कारण पन्नास पैसे ही आजच्या मिसळ-थाळी-चहाच्या मिश्रणाची सरासरी आहे. नव्या खुर्च्या भरणार दुपारच्या रांगेने, आणि ती रांग थाळीची आहे. थाळीत रुपयामागे ४६ पैसेच उरतात. म्हणून गाळ्याचा हिशेब थेट थाळ्यांत करू.

७०,००० ÷ ६५ म्हणजे महिन्याला १,०७७ थाळ्या, रोजच्या ४१ ते ४२. एवढ्या *जादा* थाळ्या विकल्या की गाळा फक्त स्वतःचं पोट भरतो. तुमचा लाख व्हायला रोज ५९ लागतात.

२० खुर्च्यांवर ५९ माणसं बसतील का? कारखान्यांची जेवणाची वेळ साडेबारा ते दोन. अर्ध्या तासाला एक पंगत धरली तर तीन पंगती. आजच्या ३२ खुर्च्यांवर कागदोपत्री ९६ जण जेवायला हवेत, प्रत्यक्षात ७० जेवतात, कारण चारांच्या टेबलावर तिघं बसतात आणि चौथी खुर्ची रिकामी राहते. नव्या २० खुर्च्यांना याच हिशेबाने, थोडं झुकतं माप देऊनही, ४५ थाळ्यांपेक्षा जास्त जमणार नाहीत. ४५ × ६५ × २६ = ७६,०५०. त्यातून ७०,००० वजा करा. गाळा रोज, एकही दिवस न चुकता, पूर्ण भरला तरी महिन्याला ६,०५० रुपये. त्यासाठी अनामत रक्कम, नवं कर्ज आणि जेमतेम साडेतीन जादा थाळ्यांचं सुरक्षेचं अंतर. चार माणसं कमी आली की गाळा तोट्यात.

आणि तो पूर्ण भरला नाही तर? समजा रोज ३० जादा थाळ्या गेल्या. कुणीही म्हणेल, झकास चाललंय. गल्ला महिन्याला १,०९,२००नी वाढून ६,२९,२००वर जाईल आणि तुमच्या हातात सत्तरऐवजी ५०,७०० येतील. मार्जिन ऑफ सेफ्टी साडेतेरावरून पाच टक्क्यांवर येईल. धंदा वाढला की नफा आपोआप वाढतो हे मेहुण्यांचं म्हणणं तेव्हाच खरं असतं, जेव्हा दुसरा ढीग जागच्या जागी राहतो. गाळ्यात तो सत्तर हजारांची उडी मारतो, आणि उडी आधी येते, गिऱ्हाईक नंतर.

दिवाळीच्या महिन्याचाही विचार करा. कारखाने बंद राहतात आणि तुमचे कामाचे दिवस वीसच उरतात असं धरू. आजच्या स्थितीत २,००,००० शिल्लक, १,९०,००० खर्च, हातात १०,०००. ओढूनताणून का होईना, निभतं. भरलेल्या गाळ्यासकट त्या महिन्यात २,५८,५०० शिल्लक आणि २,६०,००० खर्च. दीड हजार घरून घालावे लागतील, तेही ४५ थाळ्या रोज गेल्या तर. वर्षाच्या सरासरीत हा महिना झाकला जातो, म्हणून तो वेगळा काढून पाहावा.

रांगेबद्दल एक शंका मला पत्र वाचल्यापासून आहे. रांगेत उभे असलेले बहुतेक लोक शेवटी जेवूनच जातात ना? मग ते आजच्या ७० थाळ्यांत मोजलेलेच आहेत. नव्या खुर्च्यांमुळे ते लवकर बसतील, समाधानी होतील, पण गल्ला एका पैशाने वाढणार नाही. गाळ्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे रांग बघून परत फिरणारा माणूस. असे रोज किती जण परत जातात हे तुम्ही मोजलेलं नाही आणि सगळा निर्णय तिथेच अडलाय. दोन आठवडे वाढप्याला दाराशी वही देऊन साडेबारा ते दोन रेघा मारायला लावा, फक्त परत गेलेल्यांच्या. रोजचा आकडा ४२च्या खाली राहिला तर या भाड्यात गाळा नको. मालक २० हजारांवर आला तर ही मर्यादा ३५-३६ थाळ्यांवर येते, तेव्हा घासाघीस करताना तुमच्या हातात आकडा असेल. सकाळी मिसळीलाही लोक परत फिरत असतील तर तेही मोजा. दुपारी ४५ थाळ्या आणि सकाळी २१ जादा मिसळी एवढं जमलं तर गाळ्यातूनही तुमचा लाख होतो. अशक्य नाही, पण दोन्ही एकदम जमावं लागेल.

मग लाख कुठून आणायचे? दोन जागा तुमच्याच वहीत दिसतात.

पहिली जागा दराची. थाळी १४० वरून १५० आणि मिसळ ८० वरून ८५ केली तर वाढीव दहा रुपयांतले साडेनऊ आणि पाच रुपयांतले पावणेपाच तुमच्याकडेच राहतात, फक्त कर जातो. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही तर महिन्याला २९,६४० जादा, म्हणजे जवळपास तुम्हाला हवे तेवढे तीस हजार. पण गिऱ्हाईक तुटणार नाही असं धरणं हा भाबडेपणा होईल, कारण कारखान्यातला माणूस दहा रुपयांचाही हिशेब ठेवतो. म्हणून उलटं विचारा: किती तुटले तरी आपलं नुकसान नाही? थाळीत रोजचे ८ जण गेले तरी आजच्यापेक्षा कमी उरत नाही, मिसळीत ९. मला वाटतं, दोन्हीकडे पाच-पाच जातील असं धरून चालावं. तेव्हा हातात साधारण ८३,५०० येतात. थाळी आणि मिसळ एकाच दिवशी वाढवू नका. आधी मिसळ, महिनाभराने थाळी, म्हणजे कुठल्या दराने माणूस गेला ते कळेल. आणि दर वाढवताना पोळी लहान करू नका. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक त्याला फसवणूक समजतं.

दुसरी जागा त्या कारखान्याच्या डब्यांची. डब्याला खुर्ची लागत नाही, आणि दुपारी तुमची अडचण खुर्चीचीच आहे. १४० रुपयांच्या डब्यातून पॅकिंगचे ८ जाऊन ५७ उरतात. पोचवायला पेट्रोलसकट १५,००० रुपयांत माणूस मिळत असेल तर रोजच्या अकरा डब्यांत त्याचा खर्च निघतो. गाळ्याच्या ४२ थाळ्यांशेजारी हे अकरा डबे ठेवून बघा. मागणी २५ची आहे, म्हणजे महिन्याला २२,०५० जादा. कारखान्याने उद्या डबे बंद केले तर माणूस महिनाभरात कमी करता येतो, गाळ्याचा करार तसा मोडता येत नाही.

यात दोन खाचखळगे आहेत. कारखाने रोख देत नाहीत, महिना-दीड महिना उधारी चालते. २५ डब्यांचा महिन्याचा माल, गॅस, कर आणि पॅकिंग मिळून साधारण ५४,००० तुमचे अडकून पडतील. तेवढी पुंजी आधी बाजूला आहे का ते पाहा, नसेल तर पंधरवड्याने बिल द्यायची अट घाला. दुसरं, मावशी आज ७० थाळ्यांच्या पोळ्या करतात, ९५च्या करू शकतील का ते त्यांनाच विचारा. दुसऱ्या मावशी ठेवाव्या लागल्या तर त्यांच्या १२,००० पगाराने डब्यांचा फायदा निम्म्याहून खाली येतो.

दोन्ही एकत्र धरले, गिऱ्हाईक तुटण्याचा अंदाज कायम ठेवला आणि दुसऱ्या मावशी लागल्या नाहीत, तर हातात १,०५,००० येतात. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की मजुरी धरूनही मार्जिन ऑफ सेफ्टी साडेतेरावरून साडेबावीस टक्क्यांच्या आसपास जाते. गाळा पूर्ण भरूनही ती बारावर येत होती. एकाच रकमेकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी कोणती निवडावी हे अशा वेळी या आकड्यावरून ठरवावं.

वहीत आणखी एक नोंद दिसली: कर्जाचे १४ हप्ते राहिलेत. ते फिटले की १८,००० सुटतील. पण सगळे मोजू नका, कारण ग्राइंडर आणि फ्रीज तोवर म्हातारे झालेले असतील. त्यांच्यासाठी महिन्याला सहा हजार बाजूला टाका आणि बारा हजारच आपले समजा. हप्ता चालू असेपर्यंत घसारा वेगळा धरला नाही याचंही कारण हेच, एकाच शेगडीचे पैसे दोनदा मोजले गेले असते.

हे सगळे आकडे आजच्या मालाच्या दरावर उभे आहेत. तेल-कांदा-डाळ वाढून थाळीचा माल पाच रुपयांनी महागला तर महिन्याला ९,१०० जातात, आणि ते वहीत कुठेही तांबड्या शाईत दिसत नाहीत. म्हणून दर सोमवारी सकाळी कोठीतला माल मोजा. गेल्या सोमवारचा साठा अधिक आठवड्याची खरेदी वजा आजचा साठा, त्याला आठवड्याच्या गल्ल्याने भागा. तुमच्याकडे हे प्रमाण १०० रुपयांमागे ४१ यायला हवं. कामगारांचं जेवण त्याच कोठीतून जातं, म्हणून कागदावर ४३ दिसेल. दर वाढवल्यावर ते दोन-एक रुपयांनी खाली आलं पाहिजे. सलग दोन आठवडे ४५ दिसलं तर बाजारभाव, वाढप्याचा हात आणि मागचं दार या क्रमाने शोध घ्या.

मेहुण्यांना हा कागद दाखवायला हरकत नाही. फक्त त्याआधी रेघांची वही पूर्ण होऊ द्या, आणि तोवर गाळ्याच्या मालकाला टोकन देऊ नका.